पहिला पगार: बचत कापायची तारीख कुठली ठेवलीत? अनुभव लिहा

भाचा कुपवाड एमआयडीसीत लागला, हातात 22,000 येतात. काल आम्ही दोघांनी हिशेब मांडला. घरात 7,000, पेट्रोल 2,500, डबा-चहा-रिचार्ज 2,000, शिक्षणकर्जाचा हप्ता 2,000. न टळणारा खर्च 13,500 झाला. असे तीन महिन्यांचे 40,500 अडीनडीसाठी आधी साठवायचे ठरलं. दरमहा 4,500 टाकले तर नऊ महिने लागतील आणि 4,000 त्याच्या हातात राहतील. पगार 7 तारखेला होतो. पैसे आपोआप वळते व्हायला कुठली तारीख द्यावी?

विश्रामबाग, बँकेत नोकरी: 7 देऊ नका, 10 द्या. दुसऱ्या बँकेत किंवा फंडात पैसे आपोआप वळते करायला आपण दिलेली परवानगी, म्हणजे नॅच मँडेट, ऑगस्ट 2021 पासून रविवारी, सुट्टीलाही लागतं. पगाराची फाइल मात्र कंपनीतला माणूस कामावर आल्यावरच पाठवतो. मध्ये खातं रिकामं असलं तर मँडेट परत जातं आणि दंड बसतो. पासबुकात रिटर्न चार्जेस दिसले की लगेच तारीख पुढे घ्या.

मिरज: एफडीत तर अजिबात ठेवू नका. मोडली की सगळं व्याज बुडतं. बचत खातंच बरं.

विश्रामबाग: सगळं नाही बुडत. जितके दिवस पैसे राहिले तितक्या दिवसांचा दर मिळतो, त्यातून बहुतेक बँका अर्धा-एक टक्का कापतात. आधी आरडी करा, मग दहा-दहा हजारांच्या वेगवेगळ्या एफडी. लागेल तेवढीच मोडता येते. करबचतीची पाच वर्षांची एफडी मात्र घेऊ नका, ती मुदतीआधी मोडता येत नाही.

तासगाव: आमची द्राक्षबाग. पैसा येतो तो हंगामात एकदम, औषधांची उधारी वर्षभर. आम्ही दर महिन्याला काय कापायचं?

सांगलीवाडी: 2019 च्या पुरात आमच्याकडे लाइट नव्हती, फोन बंद, एटीएमही बंद. दूध घ्यायलासुद्धा रोख लागत होती. तेव्हापासून पाच हजार सुटे प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून माळ्यावर असतात. 40,500 मधले तेवढे घरातच ठेवा.

खणभाग: पतसंस्थेची पिग्मी लावा की! माणूस रोज दारात येतो, पैसे खर्चच होत नाहीत.

विश्रामबाग: सवय चांगली लागते, खरं आहे. पण पाच लाखांपर्यंतचं ठेव विमा संरक्षण बँकांतल्या ठेवींना आहे, सहकारी बँकाही त्यात आल्या. पतसंस्थेला ते नाही. अडीनडीचा पैसा तिथे नको.

धागाकर्ता: 10 तारीख टाकली, पहिले पाच हजार रोख ठेवतोय. पिग्मीवर ताई अडून बसलीये, तिच्याशी बोलायचंय. तासगावकर, हंगामी उत्पन्नाचं मलाही नीट सुचत नाहीये. बागायतदारांनी लिहा.