मदत हवी आहे: फोटोवरून पोह्यांची जाडी आणि साबुदाण्याचा प्रकार कसा ओळखावा?

मृदगंध_: नमस्कार. आमच्याकडे बाजारहाट वडील करतात आणि ते दुकानातील उघड्या पोत्यांचे फोटो पाठवून "यातले कोणते घेऊ?" असे विचारतात. आज चार फोटो आले आहेत. पहिल्या दोन्हींत पोहे आहेत, पैकी पहिल्यातील पोह्यांवर तांबूस रेषा दिसतात. तिसऱ्या फोटोतील साबुदाणा दुधी पांढरा आहे, तर चौथ्यातील दाणे थोडे मोठे असून त्यांतून उजेड आरपार जाईल असे वाटते. मला कांदेपोहे, पातळ पोह्यांचा चिवडा, साबुदाण्याची खिचडी आणि उपासाचा तळलेला चिवडा करायचा आहे. सर्व फोटो वरून काढलेले असल्यामुळे जाडीचा अंदाज येत नाही. कशासाठी काय घ्यावे?

गव्हलावाटी: खिचडीसाठी मोठा आणि जितका पांढराशुभ्र मिळेल तितका साबुदाणा घ्यावा, कारण पांढरा म्हणजे ताजा. आणि तांबूस रेषांचे पोहे जुने असतात, ते टाळा.

उंबरठा: गव्हलावाटी, खिचडीला दुधी, अपारदर्शक साबुदाणाच लागतो, हे तुमचे म्हणणे बरोबर आहे, मात्र पांढरेपणावरून ताजेपणा ठरवता येत नाही. फोटोत तर मुळीच नाही, कारण दुकानातील दिव्याखाली आणि दारातील उन्हात एकाच पोत्यातील माल निरनिराळ्या रंगाचा दिसतो. पोह्यांवरील तांबूस रेषा म्हणजे भाताच्या दाण्यावर राहिलेला कोंडा. तो जुनेपणाचा पुरावा नव्हे.

मृदगंध, जाडी ओळखायची असेल तर वडिलांना मूठभर पोहे कागदावर पसरायला सांगा, शेजारी एक रुपयाचे नाणे ठेवायला सांगा आणि मोबाईल कागदाच्या पातळीवर आणून बाजूने फोटो काढायला सांगा. जाड पोह्याची कड स्पष्ट दिसते, त्याची सावली पडते आणि पोहे एकमेकांवर अडून मध्ये पोकळी राहते. पातळ पोहे चपटे बसतात, कडेला किंचित वळलेले आणि फाटलेले असतात. दुसरा फोटो उजेडासमोर एकच पोहा चिमटीत धरून काढावा: पातळ असल्यास उजेड झिरपतो, जाड असल्यास पोहा गडद दिसतो. नाणे प्रत्येक वेळी तेच असावे, नाहीतर जवळून काढलेला पातळ पोहाही जाड भासतो.

शेवंती_घर: माझी खिचडी नेहमी गोळा होते. पाणी साबुदाण्याच्या दोन बोटे वर ठेवते आणि रात्रभर भिजवते. दोष साबुदाण्याचाच असावा ना?

उंबरठा: शेवंतीताई, दोन बोटे पाणी जास्तच होते. पिठूळ पाणी जाईपर्यंत साबुदाणा धुवा आणि जेमतेम बुडेल इतकेच पाणी ठेवा. पाच-सहा तासांनी दाणा बोटांत दाबल्यावर सहज चिरडला पाहिजे आणि मध्ये कण लागता कामा नये. तरीही गोळा झाला, तर मग मालाचा संशय घ्यावा.

चौथ्या फोटोतील, उजेड झिरपणारा साबुदाणा नायलॉन साबुदाणा असावा. तो वाफेवर आधीच अर्धवट शिजवलेला असतो. खिचडीसाठी तो घेऊ नका. चिवड्यासाठी मात्र तोच हवा, कारण न भिजवता तळल्यावर तो फुलतो. तेल फार तापलेले असल्यास बाहेरून रंग चढतो आणि आत दाणा कडक राहतो, म्हणून आधी चार-पाच दाणे टाकून पाहावेत.

गव्हलावाटी: रंगाबाबतचे म्हणणे मान्य आहे. परंतु मोठा दाणा खिचडीत अधिक मोकळा राहतो, असा माझा अनुभव आहे.

उंबरठा: तसे होऊ शकते, पण मोठा दाणा आतपर्यंत भिजायला वेळ लागतो आणि तेवढ्यात बाहेरचा थर मऊ पडतो. मला मध्यम दाणाच बरा वाटतो. हा आवडीचाही भाग आहे.

मृदगंध_: बाजूने काढलेले फोटो आले. पहिल्या फोटोतील, तांबूस रेषांच्या पोह्यांची कड ठसठशीत दिसते आणि सावलीही पडते, तर दुसऱ्यातील पोहे कागदाला चिकटल्यासारखे चपटे आहेत. म्हणजे कांदेपोह्यांना पहिले आणि चिवड्याला दुसरे घ्यायचे. साबुदाणा खिचडीला तिसरा, तळायला चौथा. एक शंका उरते: तिसऱ्या पोत्याच्या कडेला पांढरी भुकटी दिसते. ती जुनेपणाची खूण आहे का?

उंबरठा: भुकटी हाताळताना दाणे घासले गेल्यानेही पडते, त्यामुळे फोटोवरून ते सांगता येणार नाही. वडिलांना तळातून ओंजळभर साबुदाणा काढून वास घ्यायला आणि जाळ्या धरल्या आहेत का ते पाहायला सांगा. कुबट वास नसेल तर आज पावकिलोच घ्या, त्यातला मूठभर भिजवून पाहा आणि उरलेली खरेदी त्यानंतर करा. पातळ पोहे मात्र तळातले घेऊ नका. तिथे चुरा साठतो आणि परतताना तो आधी करपतो.