नर्मदेच्या पाण्याचं बिल: वापर बघून की ऐपत बघून?

सुदामानगर_इंदूर (धागा सुरू केला):
आमच्या गल्लीत नळाच्या मीटरवरून दोन तट पडलेत. सध्या अर्धा इंची कनेक्शनला घर कसंही असो, महिन्याचा जलकर सारखाच. काही म्हणतात जो जितकं पाणी वापरेल त्याने तितके पैसे द्यावेत, काही म्हणतात ज्याची ऐपत जास्त त्याने जास्त द्यावेत. तुम्ही कोणत्या बाजूला, आणि का?

राजेंद्रनगरकर:
सरळ मीटर लावा. आमच्या समोरच्या बंगल्यात एक दिवसाआड नळ आला की आधी अंगण धुणार, मग दोन गाड्या, मग टाकी भरून पाणी रस्त्यावर वाहतंय तरी कोणी वर जाऊन बघत नाही, कारण बिल तर तेवढंच येणार. वीज मोजून घेतो, गॅस मोजून घेतो, मग पाणीच का नाही? ऐपत बघायला इन्कम टॅक्स आहे, तिथे बघितलीच आहे, प्रत्येक बिलात परत खिसा चाचपायचं काही कारण नाही.

पगारदार_विजयनगर:
एकदम बरोबर. पगारदार माणसाचा टॅक्स पगार हातात यायच्या आधीच कापला जातो आणि त्या बदल्यात आपल्याला मिळतं काय? नवीन रिजीम घ्या नाहीतर जुनी, जो भरतो त्यालाच सुविधा मिळाल्या पाहिजेत.

सुदामानगर_इंदूर:
दादा, इन्कम टॅक्सचं विचारत नाहीये हो, निगमच्या जलकराचं विचारतोय.

लेखा_विभाग_निवृत्त:
आयुष्य हिशेबात गेलं म्हणून थोडं लांब लिहितो. सध्याचा सरसकट दर दोन्ही बाजूंना बसत नाही. वापर बघायचा तर बंगल्याला आणि एका खोलीच्या घराला तेवढंच बिल यायला नको, आणि ऐपत बघायची तरी यायला नको. गल्लीत दोन तट आहेत, पण आत्ता जे चाललंय ते दोन्ही तटांच्या विरोधात आहे.

आता पाण्याचा खर्च कुठे होतो ते बघा. नर्मदेचं पाणी जलूदला उचलतात, ते इंदूरपासून साधारण 70 किलोमीटर, आणि आपण नर्मदेच्या पात्रापेक्षा 400 मीटरपेक्षा जास्त उंचीवर. एक हजार लिटर पाणी नुसतं 400 मीटर वर चढवायला साधारण 1.1 युनिट वीज लागते, पंप कधी शंभर टक्के चालत नाही, 70 टक्के धरा, म्हणजे 1.6 युनिट. युनिटला 7 रुपये धरले तर हजार लिटरला 11 रुपये फक्त चढाईचे, त्यात पाइपमधलं घर्षण नाही, शुद्धीकरण नाही, पगार नाहीत. समोरच्या बंगल्यातून रस्त्यावर वाहिलेलं प्रत्येक हजार लिटर म्हणजे हे 11 रुपये कोणीतरी भरले. हा भाग वापराप्रमाणेच घ्यावा, इथे मी राजेंद्रनगरकरांसोबत आहे.

पण बाकीचा खर्च मोजून वाटता येत नाही. मुख्य लाइन टाकली, टाक्या बांधल्या, त्याचं कर्ज आणि व्याज तुम्ही महिन्याला पाच हजार लिटर घेतलं काय आणि पन्नास हजार घेतलं काय, बदलत नाही. ड्रेनेजचंही तेच. माझ्या घरचं मैलापाणी नीट वाहून गेलं तर फायदा माझ्यापेक्षा शेजाऱ्याला जास्त, मग तो कोणाच्या मीटरवर लिहायचा? असा खर्च मी घराच्या संपत्ति करातून, म्हणजे ऐपतीप्रमाणे घेईन.

बोरिंगवाला_निपानिया:
माझ्याकडे नर्मदेचं कनेक्शनच नाही. कॉलनीचं बोरिंग आहे, एप्रिल-मेमध्ये ते बसतं मग टँकर, एकेका टँकरला मोजून पैसे. आता तुम्ही म्हणताय की नर्मदेच्या लाइनचा अर्धा खर्च संपत्ति करातून घ्या, म्हणजे जे पाणी मी पितच नाही त्याचे पैसे मी द्यायचे? सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की सेवा नाही तर पैसे नाहीत.

लेखा_विभाग_निवृत्त:
भाऊ, कोर्टाने तसं सरसकट म्हटलेलं नाही. 1954 चा शिरूर मठाचा निकाल तुमच्या मनात असेल, त्यात फी आणि कर वेगळे केले, फी घेतली तर बदल्यात काही सेवा द्यावी लागते, करामागे तशी अट नसते, तो सगळ्यांच्या सामायिक गरजेसाठी असतो. पुढच्या निकालांत फीचीही अट सैल झाली, दिलेल्या प्रत्येक रुपयाचा हिशेब सेवेशी जुळलाच पाहिजे असं राहिलं नाही. संपत्ति कर हा कर आहे, त्यामुळे तिथे हा मुद्दा टिकत नाही.

पण तुमची तक्रार कायद्यात बसली नाही तरी खरी आहे, एवढं कबूल. लाइन तुमच्या कॉलनीपर्यंत आली नसेल तर तुम्ही टँकरला देता आणि लाइनलाही देता, दोनदा भरता. उलट लाइन दारापर्यंत आली आहे आणि तुम्ही कनेक्शन घेतलं नाही, तर गोष्ट वेगळी. त्या लाइनमुळे तुमच्या प्लॉटचा भाव वाढला, विकायला काढाल तेव्हा जाहिरातीत ‘नर्मदा लाइन’ तुम्हीच लिहाल. पाणी न पिताही फायदा झालाच.

बोरिंगवाला_निपानिया:
लाइन आलेली नाही. येणार येणार ऐकतोय.

लेखा_विभाग_निवृत्त:
मग ती येईपर्यंत लाइनचा भाग तुमच्यावर लावू नये, हे मी माझ्या वरच्या म्हणण्यात जोडतो.

अर्थशास्त्र_शिकवते:
मला वाटतं काकांनी उगाच दोन तुकडे केले. स्लॅब लावा की झालं. पहिले 15 हजार लिटर स्वस्त, मग महाग, मग आणखी महाग. गरीब कमी वापरतो, त्याला स्वस्त पडेल, श्रीमंत जास्त वापरतो, त्याला महाग पडेल. वापराप्रमाणे पण झालं आणि ऐपतीप्रमाणे पण. नुसत्या फायद्यावर गेलो तर काय होतं ते जॉन स्टुअर्ट मिलने 1848 मध्येच दाखवलंय: राज्याचं संरक्षण काढून घेतलं तर सगळ्यात जास्त हाल दुबळ्यांचे होतील, म्हणजे फायदा सगळ्यात जास्त त्यांचा, म्हणजे सगळ्यात जास्त कर त्यांनीच द्यायचा, आणि हे कोणालाच न्याय्य वाटणार नाही.

भाड्याने_राहतो_परदेशीपुरा:
ताई, स्लॅबबद्दल एक सांगायचंय. आम्ही चार खोल्यांच्या घरात चार कुटुंबं, सोळा माणसं, नळ एकच, कनेक्शन मालकाच्या नावावर. बिल आलं की मालक चार भाग करतो. आमचा मीटर कोणत्या स्लॅबमध्ये जाईल?

अर्थशास्त्र_शिकवते:
थांबा, आकडे मांडून बघते. दर माझे मनाचे आहेत, फक्त समजण्यापुरते: पहिल्या 15 हजार लिटरला हजारी 8 रुपये, पुढच्या 15 ला 15 रुपये, त्यावर 30 रुपये.

तुम्ही सोळा जण, माणशी रोज 100 लिटर धरलं (शहरांसाठी सरकारी मानक 135 चं आहे, त्याहून कमीच धरलं), तर महिन्याला 48 हजार लिटर. बिल 120 अधिक 225 अधिक 540, म्हणजे 885. हजार लिटरला 18 रुपयांच्या वर.

आता एका बंगल्यात दोघंच, नवरा-बायको, माणशी रोज 230 लिटरच्या वर वापरतात, म्हणजे तुमच्या दुपटीपेक्षा जास्त, तरी महिन्याचे होतात 14 हजार लिटर. सगळं पहिल्या स्लॅबमध्ये. बिल 112 रुपये, हजारी 8.

म्हणजे माणशी कमी पाणी वापरणाऱ्याला तेच पाणी दुपटीहून महाग. मी वर लिहिलेलं चुकलं. स्लॅब नळ मोजतो, आणि गरिबाच्या नळामागे माणसं जास्त असतात हे मी धरलंच नव्हतं.

लेखा_विभाग_निवृत्त:
ही चूक बऱ्याच शहरांनी केलीय, ताई. स्लॅब लावायचेच असतील तर ते कनेक्शनवर न लावता त्यामागच्या कुटुंबांवर लावायचे. परदेशीपुऱ्याच्या घरात चार कुटुंबं, म्हणून 48 ला चाराने भागा, 12 हजार लिटर, प्रत्येक कुटुंब पहिल्या स्लॅबमध्ये. मिळून बिल 384, आणि त्यांना पण हजारी 8. शहरात अशी सामायिक घरं किती हे माहीत नसताना स्लॅब लावणं धोक्याचं, त्यापेक्षा मीटरला एकच सपाट दर बरा, त्यात निदान कोणी उलटं भरत नाही.

रामबागची_काकू:
मला संपत्ति कराबद्दल बोलायचंय. वाडा सासऱ्यांचा, जागा मोठी, भाव आज खूप. पण मी एकटी, ह्यांची फॅमिली पेन्शन, पावसाळ्याआधी कौलं बदलायला पैसे जमवावे लागतात. झोनचा दर लावून तुम्ही मला श्रीमंत ठरवता. वाडा विकला तर मी श्रीमंत, आज नाही. पाणी तर मी दोन बादल्याच वापरते.

राजेंद्रनगरकर:
काकू, म्हणूनच मी म्हणतो मीटर. ऐपत मोजायला जाल तर असंच होतं.

लेखा_विभाग_निवृत्त:
काकूंचं बरोबर आहे आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. घर हे ऐपतीचं माप म्हणून वापरतो कारण ते लपवता येत नाही, मिळकत लपवता येते. पण जागा आहे आणि हातात रोकड नाही अशा माणसाला हे माप चुकीचं लागतं. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया प्रांतात वयस्क मालकांना घरपट्टी पुढे ढकलता येते, घर विकेपर्यंत ती व्याजासकट साठत राहते. आपल्याकडे स्वतः राहत असाल तर संपत्ति करात सूट आहे, ती काकूंना मिळतच असेल, पण ती सूट बंगलेवाल्यालाही तेवढीच मिळते.

रामबागची_काकू:
साठवून ठेवलेलं मुलांच्या गळ्यात घालायला मन होत नाही हो. पण निवड करायची वेळ आली तर कौलं आधी.

राजेंद्रनगरकर:
काका, तुमच्या कुटुंब मोजण्यात एक मोठी अडचण आहे. स्वतः राहतो म्हणून जी सूट मिळते ती घर भाड्याने दिलं की जाते. मग मालक चार भाडेकरू आहेत असं निगमला लिहून कशाला देईल? पाण्याचे वाचणार भाडेकरूचे, आणि संपत्ति कर वाढणार मालकाचा.

लेखा_विभाग_निवृत्त:
हा मुद्दा मला सुचला नव्हता. मालकाला न विचारता राज्य सरकारच्या समग्र आयडीवरून कुटुंबं मोजता येतील का बघायला हवं. प्रत्येक कुटुंबाची वेगळी असते, भाडेकरूने स्वतःच नोंद करायची, मालकाची सहीच नको.

भाड्याने_राहतो_परदेशीपुरा:
काका, आमची समग्र गावची आहे, खरगोन जिल्ह्यातली. इथे बदलून घ्यायची तर राहण्याचा पुरावा मागतात, आणि भाड्याचा करार मालक करून देत नाही, कारण वरती राजेंद्रनगरकरांनी लिहिलंय तेच. चारपैकी तीन कुटुंबांचं असंच आहे. म्हणजे तुमच्या हिशेबाने आमच्या घरात एकच कुटुंब राहतं.