मदत हवी आहे: आळंदीच्या सात दिवसांच्या वारकरी शिबिरासाठी पालकांचं संमतीपत्र

टाळकरी_कोथरूड:
नमस्कार मंडळी. आमचं कोथरूडचं भजनी मंडळ मे महिन्यात आळंदीच्या एका धर्मशाळेत 12 ते 16 वयाच्या मुलामुलींसाठी सात दिवसांचं निवासी शिबिर घेतंय. पहाटे काकडा, मग हरिपाठ, टाळ-पखवाजाचा सराव, पावली आणि रात्री कीर्तन. पालकांना द्यायचं पत्र आणि संमतीपत्र लिहिण्याचं काम माझ्याकडे आलंय. मंडळाच्या जुन्या कागदात एवढंच आहे: "मी माझ्या पाल्यास स्वखुशीने पाठवीत आहे. काही अनुचित घडल्यास मंडळ जबाबदार राहणार नाही. शिस्तभंग केल्यास घरी पाठवले जाईल."

परवा एका मुलीच्या आईचा फोन आला. मुलीला टाइप 1 मधुमेह आहे, दिवसातून चार वेळा इन्सुलिन घेते. शिबिराच्या पाचव्या दिवशी एकादशी आहे आणि तिला सगळ्यांबरोबर उपवास करायचाय. आईचा प्रश्न साधा होता, "तुमच्या कागदावर हे कुठे लिहू?" कागदावर तशी जागाच नाही. तिला मला नाही म्हणायचं नाहीये. काय काय विचारावं आणि नियम कसे लिहावेत?

सदाशिवपेठी:
500 च्या स्टॅम्प पेपरवर करून घ्या, नोटरी करा आणि 'मंडळ जबाबदार राहणार नाही' हे ठळक अक्षरात टाका. पालकांची सही असली की पुढे कोणी काही बोलू शकत नाही.

निवृत्त_मुख्याध्यापिका:
पालकांची सही हवीच, तेवढं बरोबर. पण स्टॅम्प पेपरची गरज नाही, आणि त्या वाक्याचा तुम्हाला वाटतो तेवढा आधारही नाही. मुलं तुमच्या ताब्यात असताना तुमच्या निष्काळजीपणाने काही झालं, तर आधीच लिहून घेतलंय म्हणून सुटका होत नाही. शिवाय ते वाक्य वाचून चांगला पालक बिचकतो. त्या जागी तुम्ही काय काळजी घेणार ते लिहा: मुलींच्या खोलीत मुक्कामाला कोणत्या ताई आहेत, रात्री फाटकावर कोण असतं, जवळचा दवाखाना कोणता, गाडी कोणाची. आणि घाटावर मोठ्यांशिवाय जायचं नाही, इंद्रायणीत उतरायचं नाही, हा नियम पहिला. दर्शनाला सगळ्यांनी एकत्र जायचं, नदीवर नाही.

औषधोपचाराची संमती स्वतंत्र घ्या, वेगळ्या सहीने. मजकूर असा चालेल: "तातडीच्या वेळी माझ्याशी किंवा खाली दिलेल्या दुसऱ्या व्यक्तीशी संपर्क न झाल्यास, डॉक्टरांना आवश्यक वाटतील ते तातडीचे उपचार करण्यास माझी संमती आहे." जिवावर बेतलं असेल तर डॉक्टर सहीसाठी थांबत नाहीत. पण टाके घालायचे असतील, हाड बसवायचं असेल, तर 18 वर्षांखालच्या मुलासाठी ते पालकाला विचारतात. म्हणून दुसरी व्यक्ती नुसती नातेवाईक नको, आळंदीला लवकर पोचू शकणारी हवी. कोथरूडहून संध्याकाळच्या गर्दीत दीड तास सहज जातो.

टाळकरी_कोथरूड:
ताई, आणि त्या मुलीच्या उपवासाचं?

निवृत्त_मुख्याध्यापिका:
ते तुम्ही ठरवू नका आणि महाराजांनाही ठरवू देऊ नका. तिच्या डॉक्टरांनी त्या दिवसाचा डोस आणि खाण्याच्या वेळा लिहून द्याव्यात, तो कागद संमतीपत्राला जोडा. डॉक्टर नको म्हणाले तर ती तुळस वाहील, हरिपाठ म्हणेल आणि पोळी खाईल.

परिचारिका_भोसरी:
यात एक गैरसमज नेहमी होतो. उपवास म्हणून इन्सुलिन बंद करायचं नसतं. भगर आणि साबुदाण्यानेही साखर चांगलीच वाढते. घोटाळा होतो तो इन्सुलिन घेतलं आणि पंगत उशिरा बसली की. तुमच्या कार्यक्रमात मला एकादशीपेक्षा पहाटेची जास्त काळजी वाटते. काकड्यानंतर न्याहारीआधी तासभर पावली खेळली तर साखर खाली येऊ शकते. पावलीआधी तिची साखर तपासायचीच.

हात थरथरणं, दरदरून घाम, उगाच चिडचिड, प्रश्नाला भलतंच उत्तर देणं, ही लक्षणं तिच्या खोलीतल्या ताईंना पाठ हवीत. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, मग काहीतरी खायला द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना. आणि मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत इन्सुलिन ठेवू नका. धर्मशाळेत फ्रिज आहे का ते आधी विचारा. नसेल तर प्लॅस्टिकच्या डबीत बंद करून माठात ठेवतात, पण ते तिच्या आईला विचारूनच.

मालवणी_माणूस:
माझा अनुभव वेगळा आहे. मुलगा अशाच एका शिबिरातून गळ्यात तुळशीची माळ घालून आला. आमच्याकडे मासे रोजचे. आता तो वेगळं ताट मागतो, आजी रडते. माळेला माझा विरोध नाही, पण मला कोणी विचारलं नाही. कागदावर 'संस्कार' एवढंच होतं.

निवृत्त_मुख्याध्यापिका:
हा मुद्दा पत्रात सगळ्यांत वर हवा. माळ म्हणजे जन्मभराचा नेम. 13 वर्षांचं मूल सातव्या रात्रीच्या कीर्तनात भारावतं, शेजारचा उठला की तेही उठतं. टाळकरीजी, पत्रात सरळ लिहा की शिबिरात कोणालाही माळ घातली जाणार नाही, ज्याला इच्छा होईल त्याने नंतर आईवडिलांना घेऊन यावं. हे कीर्तनकार महाराजांनाही आधी सांगून ठेवा, नाहीतर पत्रात एक आणि मंडपात दुसरंच.

हडपसरची_आई:
माझी मुलगी आठ वर्षांची आहे, तिला घ्याल का? फी किती?

टाळकरी_कोथरूड:
ताई, यंदा 12 च्या पुढेच. आता आचारनियमांकडे येतो. मोबाइल पहिल्या दिवशी जमा आणि रोज संध्याकाळी सात ते साडेसात परत, असा विचार आहे.

सदाशिवपेठी:
सात दिवस मोबाइल अजिबात नको. घरी फोन लागला की मुलं रडतात.

परिचारिका_भोसरी:
त्या मुलीच्या दंडावर सेन्सर असेल तर तिची साखर मोबाइलवरच दिसते. तिचा जमा करू नका. "वैद्यकीय कारणासाठी लागणारा मोबाइल वगळून" हे शब्द नियमातच घाला, म्हणजे इतर मुलं तिच्याकडे बोट दाखवणार नाहीत.

निवृत्त_मुख्याध्यापिका:
घरी बोलण्याची वाट पूर्ण बंद करू नये, असं माझं ठाम मत आहे. एखाद्या मोठ्या माणसाची वागणूक खटकली तर मूल सांगणार कोणाला? पत्रात 1098 हा चाइल्डलाइनचा नंबर द्या आणि भिंतीवरही लावा. मारणं, उठाबशा, जेवण बंद, या शिक्षा नाहीत हेही लिहा. 'घरी पाठवले जाईल' यात खुलासा हवा: कशासाठी, कोण ठरवणार, कोण सोडणार. मुलाला एकट्याने बसमध्ये बसवायचं नाही. पालक किंवा कागदावर नाव असलेली व्यक्ती येईपर्यंत ते तुमच्याच ताब्यात.

टाळकरी_कोथरूड:
सर्वांचे आभार. सहीच्या पानाचा मसुदा असा केलाय:

"मी सोबतचे पत्र व आचारनियम पाल्यासह वाचले आहेत. प्रत्येक बाबीपुढे होय किंवा नाही लिहून सही करीत आहे.
शिबिरातील दिनक्रमात सहभाग: ____
एकादशीचा उपवास (नाही लिहिल्यास रोजचे जेवण मिळेल): ____
तातडीचे उपचार: ____
छायाचित्रे मंडळाच्या ग्रुपवर टाकणे: ____
आजार, अॅलर्जी, चालू औषधे व वेळा: ____
पाल्यास नेण्यासाठी येणाऱ्या दोन व्यक्तींची नावे व फोन: ____
पालकाची सही: ____ पाल्याची सही: ____"

माळेचं वाक्य पत्राच्या पहिल्याच परिच्छेदात घेतलंय. मोबाइलवर मंडळात दोन तट आहेत, रविवारी बैठक आहे.

मालवणी_माणूस:
उपवासाला वेगळी ओळ दिलीत, बरं केलंत. पण नाही लिहिलेल्या मुलांची पंगत वेगळी बसवणार का?

टाळकरी_कोथरूड:
एकाच पंगतीत बसवावं असं मला वाटतं. आचारी म्हणतो त्या दिवशी दोन चुली मांडाव्या लागतील. त्याच्याशी बोलून कळवतो.