मदत हवी आहे: कालचा हाय-लो आणि वीकली ओपन, पण दिवस मोजायचा कुठून?

मिरजकर

मी बिटकॉइन पर्पेच्युअलमध्ये १५ मिनिटांच्या चार्टवर इंट्राडे करतो. इंडिकेटर फारसे लावत नाही. कालचा हाय, कालचा लो आणि वीकली ओपन अशा तीनच रेघा. या रेघा मी रोज हाताने मारतो. रात्री १२ ते रात्री १२ एवढा तुकडा बघायचा, त्यातला सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा भाव घ्यायचा. वीकली ओपन म्हणजे रविवार संपून सोमवार लागताना रात्री बारा वाजता जो भाव असेल तो.

अडचण अशी की माझ्या रेघा आणि माझ्या मित्राच्या रेघा जुळत नाहीत. एका गुरुवारचं उदाहरण देतो. माझ्याकडे कालचा हाय ६४,८२० होता, त्याच्याकडे ६५,१४०. माझं वीकली ओपन ६४,०५०, त्याचं ६३,९००. दुपारी भाव ६४,८२० ला आला, मी तिथेच शॉर्ट केला आणि स्टॉप ६४,९८० ला ठेवला. स्टॉप उडाला. भाव ६५,२१० पर्यंत गेला आणि तिथून ६४,४०० पर्यंत पडला. दिशा बरोबर होती, रेघ चुकीची ठरली. आणि असं वारंवार होतंय.

माझे दोन प्रश्न आहेत. दिवस नक्की कुठून कुठे मोजायचा? आणि भाव रेघेला लागताच एंट्री घ्यायची की थांबायचं?

डोंबिवली_फास्ट

सोपं आहे. चार्टच्या सेटिंगमध्ये खाली टाइमझोन असतो, तो कोलकाता करा. मग डेली कॅन्डल आपल्या वेळेने बनेल आणि हाताने रेघा मारायची गरजच उरणार नाही. बाकी तुमची पद्धत बरोबर आहे. कालच्या हायच्या वर सगळ्यांचे स्टॉप असतात, म्हणून भाव तिथपर्यंत जाऊन मागे फिरतो.

पंत

डोंबिवलीकर, स्टॉपचा मुद्दा अर्धा बरोबर आहे, त्यावर पुढे येतो. टाइमझोनचा मात्र नाही. क्रिप्टोच्या चार्टवर टाइमझोन बदलला की खाली लिहिलेली वेळ बदलते, डेली कॅन्डल बदलत नाही. ती यूटीसी मध्यरात्रीला उघडते, म्हणजे आपल्याकडे पहाटे ५:३० ला. आठवड्याची कॅन्डल सोमवारी पहाटे ५:३० ला. खात्री करायची असेल तर डेली चार्टवरच्या एखाद्या जुन्या दिवसाचा हाय बघा, मग १५ मिनिटांवर येऊन तो कुठल्या कॅन्डलमध्ये झाला ते शोधा. रात्री १ किंवा २ वाजताच्या कॅन्डलमध्ये झालेला हाय आदल्या तारखेच्या खात्यात पडलेला दिसेल.

आता मिरजकरांचा गुरुवार. त्याच्या आदल्या रात्री, म्हणजे बुधवारी, फेडचा व्याजदराचा निर्णय होता का? मला तसा संशय आहे.

मिरजकर

हो, होता! उन्हाळ्यातली बैठक होती. हे तुम्हाला कसं कळलं?

पंत

तुमच्या दोन आकड्यांमधल्या फरकावरून. उन्हाळ्यात फेडचं निवेदन आपल्याकडे रात्री ११:३० ला येतं आणि पत्रकार परिषद बरोबर १२ ला सुरू होते. हिवाळ्यात दोन्ही एक तास पुढे सरकतात. म्हणजे तुमच्या मोजणीत बातमी बुधवारी आणि तिच्यावरची खरी हालचाल गुरुवारी. शिवाय अमेरिकी शेअर बाजार बंद होतो तोही आपल्या मध्यरात्रीनंतर, उन्हाळ्यात १:३० ला. बारा वाजता दिवस कापला की न्यूयॉर्कची दुपार मधोमध कापली जाते.

चार्टवर बघा, ६५,१४० चा हाय रात्री एक-दोनच्या सुमारास झाला असणार. तिथे जाताना भाव तुमचा ६४,८२० ओलांडूनच गेला. तुम्ही दुपारी जिथे शॉर्ट केला ती रेघ रात्रीच फुटलेली होती. तिच्यावर जे स्टॉप होते ते तेव्हाच उडाले. दुपारी तिथे वापरण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

यूटीसीच का, तर त्यात जादू काही नाही. मोठ्या एक्सचेंजच्या डेली कॅन्डल त्याच वेळेला उघडतात, आणि जगभरातल्या बहुतेक स्क्रीनवर कालचा हाय म्हणून जो आकडा दिसतो तो तिथून आलेला असतो. ही रेघ इतरांना दिसते म्हणूनच तिला किंमत आहे. फक्त आपल्याच चार्टवर दिसणाऱ्या रेघेवर कोणाची ऑर्डर पडलेली नसते.

मिरजकर

बघितलं. ६५,१४० चा हाय १:५० ला झालाय.

बँकनिफ्टी_संजय

मी कालचा हाय-लो बँक निफ्टीत वापरतो आणि मला ९:१५ ते ३:३० उत्तम चालतं. सकाळी गॅप-अप कालच्या हायच्या वर उघडला आणि पहिली १५ मिनिटं टिकला की मी घेतो. क्रिप्टोतही ५:३० नंतरची पहिली १५ मिनिटं बघा, तेच होईल.

पंत

संजयराव, तुमच्याकडे बाजार खरोखर बंद होतो. रात्रभर जमलेली मागणी ९:१५ ला एकदम बाहेर पडते, म्हणून त्या पंधरा मिनिटांना अर्थ आहे. क्रिप्टोत ५:२९ आणि ५:३० मध्ये व्यवहार अखंड चालू असतो, गॅप नसतो. ५:३० ला फक्त नवीन कॅन्डल सुरू होते. ती पद्धत इथे जशीच्या तशी चालणार नाही.

शलाका_पी

रेघा हाताने मारू नका, ट्रेडिंगव्ह्यूच्या पाइन स्क्रिप्टमध्ये आठ ओळींचं काम आहे. पण त्यात एक खड्डा आहे म्हणून कोडच देते.

```
//@version=5
indicator("PDH PDL WO", overlay=true)
pdh = request.security(syminfo.tickerid, "D", high[1], lookahead=barmerge.lookahead_on)
pdl = request.security(syminfo.tickerid, "D", low[1], lookahead=barmerge.lookahead_on)
wo = request.security(syminfo.tickerid, "W", open, lookahead=barmerge.lookahead_on)
plot(pdh, style=plot.style_stepline)
plot(pdl, style=plot.style_stepline)
plot(wo, style=plot.style_stepline)
```

`high[1]` मधला `[1]` विसरलात तर जुन्या चार्टवर त्या दिवसाचाच हाय पहाटेपासून रेघ म्हणून दिसतो. मग वाटतं, काय सुंदर काम करते ही पातळी, भाव अगदी टोकाला लागून फिरतोय! तो आकडा त्या वेळी कोणालाच माहीत नव्हता. ओळखायची खूण अशी: रेघ दिवसभर त्याच दिवसाच्या सर्वोच्च टोकाला चिकटलेली दिसली तर कोड चुकलाय. `open` ला `[1]` लागत नाही, कारण आठवडा उघडला त्या क्षणी तो आकडा ठरलेला असतो.

आणि ज्या चिन्हावर ट्रेड करता त्याच चिन्हाच्या चार्टवर हे लावा. स्पॉटचा हाय आणि पर्पेच्युअलचा हाय वेगळा असतो, कारण धावपळीत पर्पेच्युअलमध्ये कॅन्डलची विक लांब निघते.

मिरजकर

शलाकाताई, धन्यवाद, लावलं. आता माझ्या रेघा मित्राशी जुळतात. पण दुसरा प्रश्न अजून उरतोच. रेघ ६५,१४० ला असती आणि मी तिथे लागताच शॉर्ट केला असता, स्टॉप तेवढ्याच अंतरावर, तरी भाव वर ६५,२१० पर्यंत गेलाच होता. वाचलो असतो, पण थोडक्यात.

पंत

आता स्टॉपच्या मुद्द्याकडे येऊ. हायच्या वर स्टॉप असतात हे खरं. पण ते उडाल्यावर भाव मागे फिरेलच असं नाही. त्यातूनच पुढची चाल पेट घेऊ शकते. भाव रेघेला लागला त्या क्षणी या दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. फरक कळतो तो कॅन्डल बंद झाल्यावर.

तुमच्याच गुरुवारवर मी कसं बघितलं असतं ते सांगतो. ६५,१४० च्या वर गेलेली १५ मिनिटांची कॅन्डल बंद कुठे झाली?

मिरजकर

६५,०६० ला.

पंत

म्हणजे वर डोकावून परत रेघेखाली बंद. एंट्री ६५,०६०. स्टॉप रेघेवर नाही, विकच्या वर, ६५,२६० धरा. जोखीम २०० डॉलर. यात फी धराच. टेकर ०.०५ टक्के असेल तर येऊन-जाऊन ०.१ टक्के, म्हणजे या भावाला साधारण ६५ डॉलर. खरी जोखीम झाली २६५.

तुमचा मूळचा ट्रेड याच हिशोबात बघा. स्टॉप १६० डॉलरचा, फी ६५ ची. स्टॉपच्या अंतराच्या चाळीस टक्के तर फीच आहे. इतका जवळचा स्टॉप या रेघांवर परवडत नाही.

आता टार्गेट. वीकली ओपन ६३,९०० ला, म्हणजे भाव त्याच्या बराच वर. आठवडा अजून खरेदी करणाऱ्यांच्या हातात असताना शॉर्ट करायचा, तर मी वीकली ओपनपर्यंतची अपेक्षा ठेवत नाही. त्या दिवसाचं ओपन बघतो. तुमच्याकडे गुरुवारी ५:३० चा भाव काय होता?

मिरजकर

६४,५६०.

पंत

मग तिथे बाहेर. ५०० डॉलर, फी वजा जाता ४३५. जोखमीच्या दीडपटीहून थोडं जास्त. भाव ६४,४०० पर्यंत गेला म्हणता, म्हणजे मिळालं असतं. वीकली ओपनची वाट बघितली असती तर नसतं मिळालं. वीकली ओपनवर मी स्वतः एंट्री क्वचित घेतो. कुठल्या बाजूचा ट्रेड मोठा धरायचा आणि कुठला लवकर सोडायचा, एवढं त्यावरून ठरवतो.

उलट, कॅन्डल ६५,१४० च्या वर बंद झाली असती आणि पुढचीही वरच राहिली असती, तर शॉर्ट विसरायचा.

डोंबिवली_फास्ट

बरोबर, टाइमझोनचं आता तपासलं, डेली कॅन्डल हलली नाही. पण पंत, वीकली ओपनवर एंट्री नको हे मला पटत नाही. आठवड्याच्या मध्यावर भाव वरून येऊन वीकली ओपनला टेकतो तेव्हा मला चांगले लाँग मिळालेत.

पंत

मिळत असतील. माझ्या नोंदींत तिथे भाव रेघेभोवती फार घुटमळतो आणि दोन्ही बाजूंचे स्टॉप घेतो. तुमच्या नोंदी वेगळं सांगत असतील तर तुम्ही तुमचं चालू ठेवा.

कोकणी_माणूस

मी भारतीय एक्सचेंजवर रुपयात स्पॉट करतो. मला ह्या रेघा चालतील का?

शलाका_पी

रुपयाच्या जोडीत खोली कमी असते. एखादी मोठी ऑर्डर आली की तिथेच एक विक निघते, ती जागतिक भावात दिसतही नाही. डॉलरच्या चार्टवरून रेघ घ्या आणि प्रमाणात रुपयात आणा. पण त्याआधी कर बघा. १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएस कापला जातो. तो विवरणपत्रात जमा मिळतो, तरी दर विक्रीला भांडवल तेवढं अडकतं. नफ्यावर ३० टक्के, आणि एका ट्रेडचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. अर्ध्या टक्क्याच्या चालीसाठी स्पॉटमध्ये दिवसातून अनेकदा आत-बाहेर करणं या गणितात बसत नाही.

मिरजकर

एक शेवटचं. सोमवारी काय करायचं? कालचा हाय-लो म्हणजे रविवारचा, आणि तो फारच अरुंद असतो. शिवाय दिवसाचं ओपन आणि वीकली ओपन एकच.

पंत

सोमवारी मी शनिवार-रविवार एकत्र धरून त्या दोन दिवसांचा हाय-लो घेतो, आणि शुक्रवारचा हाय-लो वेगळ्या रंगात ठेवतो. सकाळी भाव वीकली ओपनलाच चिकटलेला असतो, त्यातून काही कळत नाही. दुपारी लंडन उघडेपर्यंत मी त्या रेघेकडे बघत नाही.

शलाका_पी

मी याच्या उलट करते. रविवारचाच हाय-लो ठेवते, कारण सगळ्यांच्या स्क्रीनवर तोच असतो. तुम्हीच वर म्हणालात ना, इतरांना दिसते म्हणून रेघेला किंमत?

पंत

मुद्दा बिनतोड आहे. तरी रविवारच्या रेघा सोमवारी दोन्ही बाजूंनी फुटताना मी इतक्यांदा बघितल्यात की त्यांच्यावर पैसे लावायला हात धजावत नाही. मिरजकर, दोन्ही रेघा ठेवा आणि काही सोमवार नुसती नोंद करा: आधी कुठली लागली, कॅन्डल कुठे बंद झाली. मग इथेच टाका, मलाही बघायचंय.