अनुभव धागा: चष्म्याचा नंबर लेझरने काढताना लॅसिक, पीआरके की स्माइल?

धाकटा भाऊ २३ वर्षांचा, दोन्ही डोळ्यांना मायनस ५, कॉर्नियाची, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची, जाडी ५०५ मायक्रॉन. कबड्डी खेळतो. डॉक्टरांनी तिन्ही पर्याय सांगितलेत. ज्यांनी करून घेतलंय त्यांनी कृपया लिहा.

निशिगंध: माझं लॅसिक. दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातूनच भिंतीवरच्या कॅलेंडरवरची तारीख वाचली आणि रडूच आलं. कोरडेपणा मात्र चार महिने छळत होता. एसीत स्क्रीनसमोर बसलं की दुपारी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं. लॅसिकमध्ये कॉर्नियाची वरची पातळ झडप कापून उचलतात आणि खाली लेझर मारतात; झडप कापताना कॉर्नियाच्या नसा तुटतात, त्या भरून यायला वेळ लागतो.

बाबाराव: लॅसिकनंतर दोन वर्षांनी मांडीवरच्या मुलाचं बोट डोळ्यात गेलं. पाणी, टोचणी, समोर धुरकट. डोळा चोळला नाही, तसाच रात्री दवाखाना गाठला. झडप सरकून चुणी पडली होती. ती उचलून, धुऊन परत बसवली. नजर वाचली, पण दोन वर्षांनीही ती पक्की चिकटलेली नसते हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

रेडर७: मीही कबड्डीवालाच, म्हणून पीआरके केलं. झडपच नाही, फक्त वरचा पातळ थर काढून लेझर मारतात. पहिले तीन दिवस खरंच वाईट गेले: आग, पाणी, खिडकीचा उजेडही नको. पाचव्या दिवशी वरची पट्टीची लेन्स काढली, पण बसची पाटी नीट वाचायला तीन आठवडे लागले. स्टेरॉइडचे थेंब बरेच दिवस होते, त्यामुळे डोळ्याचा दाब तपासायला बोलवायचे. उन्हात गॉगल सक्तीचा, नाहीतर धूसरपणा येऊ शकतो.

मीनल: मग स्माइलच करा की! झडप नाही, म्हणजे कोरडेपणाही नाही.

दृष्टितज्ज्ञ: मीनलताई, झडपेचं बरोबर. पण चीर लहान, दोन ते चार मिलिमीटरची असली तरी लेझरने कापलेली कॉर्नियाच्या आतली पातळ चकती त्या चिरेतून काढताना थोड्या नसा जातातच. सुरुवातीचा कोरडेपणा लॅसिकपेक्षा बहुधा कमी असतो, शून्य नव्हे. नंबर थोडा उरला तर दुरुस्तीही लॅसिकइतकी सोपी नाही, तिथे झडप पुन्हा उचलता येते.
भावाचा हिशेब असा: लॅसिकची झडप सुमारे ११० मायक्रॉन, लेझरने एका नंबरमागे सुमारे १५ जातात म्हणजे पाच नंबरांचे ७५. खाली ३२० उरतात, सुरक्षित मर्यादेत बसतं. पण झडपेचा भाग नंतर ताकद देत नाही. पीआरकेत वरचा ५० चा थर परत येतो, खाली ३८० राहतात. जाडीपेक्षा आधी कॉर्नियाचा नकाशा बघा. खालच्या बाजूला फुगवटा दिसला तर तिन्ही नकोत.

शुभदा_काकू: मी ४४ ची. लॅसिक केलं तर वाचायचा चष्माही जाईल ना?

दृष्टितज्ज्ञ: नाही काकू, चाळिशी वेगळी. लांबचा नंबर गेला की जवळचा चष्मा उलट जास्त लागेल.

धागाकर्ती: नकाशा मंगळवारी आहे. भावाचे सामने पाच आठवड्यांवर आहेत. पीआरके त्यात बसेल का?

रेडर७: मी सामने संपल्यावरच केलं असतं.