मराठी चॅनेलच्या शीर्षकांना इंग्रजी अनुवाद जोडावा का?

ऐरोलीकर: आगरी जेवणाचं माझं यूट्यूब चॅनेल आहे, बोलणं सगळं मराठीत. नुकतेच जुन्या व्हिडिओंच्या शीर्षक-वर्णनांना हिंदी आणि इंग्रजी अनुवाद जोडले. आता नेहमीची मंडळी विचारतात, "मराठी सोडलंत का?" अनुवाद काढू की ठेवू?

घोडबंदरवाला: काढताय कशाला? उलट वीस भाषा जोडा. त्या त्या भाषेत शोधणाऱ्याला व्हिडिओ सापडतो, फुकटात प्रेक्षक.

कोपरी_एडिटर: सापडतो, हे बरोबर. पण शीर्षक जपानी आणि आत मराठी बोलणं, सबटायटलही नाहीत, तर तो माणूस थांबेल किती वेळ?

ऐरोलीकर, तुमची अडचण वेगळी आहे. कुठलं शीर्षक दाखवायचं, हे प्रेक्षकाने यूट्यूबला कोणती भाषा लावली आहे त्यावर ठरतं. घरी तो काय बोलतो, याच्याशी संबंध नाही. आपल्याकडे मराठी माणसाचाही फोन सर्रास इंग्रजीत असतो. त्यामुळे 'भरलेले बोंबील, आगरी पद्धत' हे तुमच्याच माणसाला 'Stuffed Bombay Duck, Agri Style' असं दिसतं. त्याला वाटतं व्हिडिओ इंग्रजीत आहे, तो पुढे सरकतो.

खात्री करायची तर प्रोफाइलच्या चित्रावरून भाषा इंग्रजी करा आणि स्वतःचं चॅनेल उघडा. हिंदी ठेवा, हिंदी फोनवाल्यालाच ते दिसेल. इंग्रजी काढा.

सानपाड्याची_सासू: काढा काय? माझी सून बंगाली आहे, फोन इंग्रजीतच. मासे तिला जीव की प्राण, पण देवनागरी वाचता येत नाही. तिने 'बोंबील' कसं ओळखायचं?

कोपरी_एडिटर: मुद्दा रास्त आहे. मग इंग्रजीच्या रकान्यात दोन्ही लिहा: 'भरलेले बोंबील | Stuffed Bombay Duck | Marathi'. मर्यादा 100 अक्षरांची आहे, बसतं. मराठी पुढे ठेवा, कारण मोबाइलवर लांब शीर्षकाचं शेपूट कापलं जातं.

घोडबंदरवाला: असली खिचडी कोण वाचतं? आणि अनुवाद प्रेक्षकांकडूनच करून घ्या ना, तशी सोय आहे.

कोपरी_एडिटर: होती. सप्टेंबर 2020 मध्ये बंद झाली. आता जोडायचं, दुरुस्त करायचं, सगळं आपणच. आणि मूळ वर्णन बदललं म्हणून अनुवाद आपोआप बदलत नाही. ऐरोलीकर, वर्णनात मसाल्याचा भाव लिहिता का?

ऐरोलीकर: लिहितो. दिवाळीनंतर वाढवला.

कोपरी_एडिटर: मराठीत वाढवला असेल. हिंदी वर्णन उघडून बघा, तिथे अनुवाद केला त्या दिवशीचाच भाव असणार. भाव, फोन नंबर असल्या बदलत्या गोष्टी अनुवादात घालूच नका.

सानपाड्याची_सासू: म्हणजे जुन्या भावाने मिळेल का हो? सुनेला सांगते.

ऐरोलीकर: काकू, हिंदीत पाहून आलेल्या एकाने कालच तोच वाद घातला! बोंबील आणि जवळा या दोन व्हिडिओंवर आधी जोडशीर्षक लावून बघतो. बाकीच्यांचं इंग्रजी तूर्त काढतो.

घोडबंदरवाला: काढा. मग परराज्यातले व्ह्यूज पडले की सांगा.