मदत हवी आहे: जास्त झोपलं की पल्स वाढतो असं ग्राफ म्हणतोय, खरं मानायचं का?

सातवी_गल्ली
नमस्कार मंडळी. मी महाद्वार रोडच्या एका साडीच्या दुकानात हिशेब बघते, त्यामुळे शीटमध्ये आकडे भरायची सवय आहे. दिवाळीत मुलीनं मनगटाला बांधायचा बँड दिला, तेव्हापासून फेब्रुवारी संपेपर्यंत रोजचा रेस्टिंग पल्स, झोपेचे तास आणि पावलं लिहून ठेवली आणि आता दोन स्कॅटर प्लॉट काढलेत, दोन्हीत उभ्या अक्षावर पल्स, एकात आडवी पावलं आणि दुसऱ्यात आडवी झोप.

पावलांचा ग्राफ बघून बरं वाटलं, ठिपके डावीकडून उजवीकडे खाली उतरतात, `CORREL` उणे ०.५० आलं. पण झोपेचा उलटाच, जितकी झोप जास्त तितका पल्स जास्त, अधिक ०.३८! आता मी काय रंकाळ्याला फेऱ्या वाढवू आणि झोप कमी करू? घरात सगळे हसायला लागलेत. माझा पल्स एरवी ६६ च्या आसपास असतो.

पेठेतला_पैलवान
ताई यात विचारायचं काय त्यात, चाललं की हृदय तगडं होतं, एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, मग ठोके कमी लागतात. आमच्या तालमीत जुन्या पोरांचा पल्स पन्नाशीत असतोय. म्हणजे पावलांचा ग्राफ बरोबर आणि झोपेचा चूक, बँड झोप नीट मोजत नसणार. लई डोकं लावू नका, चालत रहा.

आकडेमोड
पैलवान, तालमीतलं तुमचं खरं आहे, पण तो वर्षानुवर्षांच्या मेहनतीचा परिणाम. आज तीन हजार पावलं जास्त झाली म्हणून आजचा पल्स उतरला असं त्यातून निघत नाही. आणि मनासारखा आलेला ग्राफ बरोबर, न आलेला चूक असं कसं चालेल, दोन्हीचे आकडे एकाच बँडचे आहेत.

सातवी_गल्ली, एक सांगा, झोपेच्या ग्राफमध्ये वर उजवीकडे थोडे ठिपके बाकीच्या घोळक्यापासून सुटून बसलेत का? आणि तेच दिवस पावलांच्या ग्राफमध्ये वर डावीकडे आहेत का? शीटमध्ये तारखा बघा.

सातवी_गल्ली
अगदी तसंच आहे हो! चारपाच ठिपके आहेत, पल्स ७७-७९, झोप साडेनऊ-दहा तास, पावलं दीड हजाराच्या आत. तारखा बघितल्या तर सगळ्या डिसेंबरातल्या, मला व्हायरल झाला होता तेव्हाच्या, ताप १०१ पर्यंत जायचा.

आकडेमोड
मग तुमचे दोन्ही ग्राफ त्या तापाने ओढलेत. शरीराचं तापमान एक अंश सेल्सियसनं वाढलं की ठोके मिनिटाला साधारण दहानं वाढतात. ९८.६ वरून १०१ फॅरनहाइट म्हणजे सव्वा अंश सेल्सियसच्या वर, म्हणून ६६ चा ७८ झाला. ताप होता म्हणून तुम्ही पडून होता, म्हणून झोप जास्त नि पावलं कमी. झोपेनं पल्स चढवला नाही, आणि पावलं कमी झाल्यानंही नाही, तिन्ही आकडे तापानेच हलवले. ते दिवस बाजूला ठेवून परत `CORREL` काढा.

सुनबाई_कसबा_बावडा
माझ्या सासऱ्यांचा पल्स गेल्या महिन्यात ८० वरून एकदम ६० वर आला, ते तर चालतच नाहीत, झोपही तेवढीच. काळजी करण्यासारखं आहे का?

आकडेमोड
त्यांना बीपीची नवीन गोळी सुरू झालीय का ते बघा. मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्या पल्स खाली आणतातच. चक्कर किंवा थकवा असेल तर गोळी देणाऱ्या डॉक्टरांना सांगा, पण आपल्या मनानं बंद करू नका.

सुनबाई_कसबा_बावडा
हो गोळी बदललीय खरी. विचारते.

सातवी_गल्ली
काढलं. तापाचे दिवस वगळून पावलांचं उणे ०.२० आणि झोपेचं उणे ०.१० येतंय, म्हणजे झोपेची दिशाच फिरली! पण मिस्टर म्हणतात नको ते ठिपके काढून टाकले की कुठलंही उत्तर काढता येतं.

आकडेमोड
मिस्टरांचा मुद्दा पक्का आहे. म्हणून ठिपके पुसू नका, वेगळ्या रंगात ठेवा आणि दोन्ही आकडे लिहा. आणि कुठले दिवस वेगळे धरायचे ते थर्मामीटर बघून ठरवा, पल्स बघून नाही. पल्स जास्त दिसला म्हणून दिवस काढला तर मग मिस्टर म्हणतात तीच गडबड.

आणखी एक, बँड चार्जिंगला लावून झोपलात त्या रात्री झोप ० लिहिलीय का? तिथं रिकामं सोडा, `CORREL` रिकामी जागा सोडून देतं पण शून्याला खरंच शून्य तास धरतं. शिवाय बरेच बँड रेस्टिंग पल्स रात्रीच्या ठोक्यांवरून काढतात, तो हातात नसला की आकडा दिवसाच्या मोजणीवरून येतो आणि चढा दिसतो.

आता तारखांचा घोळ. पल्स जर रात्रीचा असेल तर तो आजची पावलं पडायच्या आधीच ठरलाय, मग आजच्या पावलांनी तो कसा उतरेल? आजच्या पल्ससमोर कालची पावलं ठेवा. पल्स B मध्ये आणि पावलं D मध्ये असतील तर एक ओळ सरकवून:

```
=CORREL(B3:B110,D2:D109)
```

त्याआधी पूर्ण शीटची कॉपी काढा आणि तापाच्या ओळी त्या कॉपीतच रिकाम्या करा.

सातवी_गल्ली
शून्य नव्हते, मी रेघ मारली होती. सरकवून उणे ०.१८ आलं. मग तुम्ही रंग म्हणालात म्हणून महिन्याप्रमाणे रंग दिले तर गंमतच, नोव्हेंबरचे ठिपके वर डावीकडे आणि फेब्रुवारीचे खाली उजवीकडे, पण एकेका महिन्याच्या आत बघितलं तर उतार जवळजवळ दिसतच नाही. नोव्हेंबरचा सरासरी पल्स ६८, फेब्रुवारीचा ६५.

पेठेतला_पैलवान
बगा की! महिन्यामहिन्यानं चालणं वाढलं, पल्स उतरला. मी म्हणत होतो तेच झालं.

आकडेमोड
असेलही, मी नाही म्हणत नाही. पण चार महिन्यांत चालण्याबरोबर आणखी काय काय बदललं? नोव्हेंबरात लगीनसराई, दुकानात गर्दी, रात्री उशीर, चहा?

सातवी_गल्ली
चहा पाचावरून दोनावर आलाय. वजनही थोडं उतरलंय. आणि हो, तेव्हा रोज रात्री साडेदहाला घरी यायचे.

आकडेमोड
म्हणजे चालणं, चहा, वजन आणि दुकानातली दगदग, सगळं एकाच दिशेनं एकाच वेळी सरकलं. या ग्राफमधून त्यातलं कोणी पल्स उतरवला ते वेगळं काढता येणार नाही, आणखी चारशे ठिपके घातले तरी नाही.

पुढं करायचं असेल तर चालणं तुमच्या मनावर न सोडता नाणं उडवून ठरवा. रविवारी रात्री नाणं उडवायचं, छापा आला तर तो आठवडा रोज रंकाळ्याची पूर्ण फेरी, काटा आला तर फेरी नाही, चहा जेवण तेवढंच. आठवड्याचे पहिले दोन दिवस मोजू नका, आधीच्या आठवड्याचा असर उरतो. असे दहाबारा आठवडे झाले की दोन्ही गटांच्या सरासऱ्या बघा. नाण्याला ताप किंवा लगीनसराई कळत नाही, म्हणून बाकीची कारणं दोन्हीकडे साधारण सारखी वाटली जातात. यात फक्त आठवड्याभरात दिसणारा परिणाम सापडेल, पैलवान म्हणतात तो महिनोनमहिन्यांचा नाही.

पेठेतला_पैलवान
म्हणजे माझं चूक असं काय अजून सिद्ध झालेलं नाही.

आकडेमोड
नाही झालेलं. बरोबर असंही नाही.

मोपेडवाला
जाता जाता, गाडीवर खड्ड्यातनं गेलं की माझा बँड पावलं मोजतो. दुकानाला गाडीनं जात असाल तर ते पण बघा.

सातवी_गल्ली
गाडीनंच जाते! उद्या जाताना आकडा बघून ठेवते. नाण्याचं करून बघणार, फक्त काटा आलेल्या आठवड्यात मैत्रिणी फिरायला बोलवायला आल्या तर काय सांगू?

आकडेमोड
गेलात तर गेलात, शीटमध्ये लिहा. पण आठवडा काट्याच्याच गटात ठेवा, छाप्यात हलवू नका.